भाव ठरला नव्हता, काम मध्येच थांबलं: झालेल्या कामाचे पैसे कसे मागायचे

"काम तर सुरू करा मिस्त्री, पैशाचं बघू की नंतर." कोल्हापुरात घरच्या फर्निचरची कितीतरी कामं या एका वाक्यावर सुरू होतात. ओळखीतलं गिऱ्हाईक असतं, थोडी उचल हातात पडते आणि प्लाय कापायला सुरुवात होते. मग एक दिवस मालक म्हणतो, "आता राहू दे, पुढचं आम्ही दुसऱ्याकडून करून घेतो." हिशेब काढायला बसलं की पहिला सवाल येतो, "आपला भाव कुठं ठरला होता?" आणि मिस्त्री गप्प होतो. त्याला वाटतं, भाव ठरला नाही म्हणजे आपला हक्कही नाही.

हा समज चुकीचा आहे. भाव न ठरवता काम झालं असेल आणि ते मध्येच थांबलं असेल, तरी झालेल्या कामाचं वाजवी मोल मागता येतं. वकील याला क्वांटम मेरुइट म्हणतात. कायद्याची बाजू तशी सोपी आहे. पैसे बुडतात ते कायद्यामुळे नव्हे, तर काम थांबलं त्या दिवशी नेमकं किती झालं होतं याचं माप कुणी घेऊन न ठेवल्यामुळे. म्हणून या लेखात कलमं थोडी आणि मापं जास्त आहेत.

हक्क कशावर उभा आहे

आपल्याकडे यासाठी भारतीय करार कायदा, १८७२ याचं कलम ७० आहे. त्यात तीन गोष्टी लागतात. तुम्ही दुसऱ्यासाठी काही कायदेशीर काम केलं किंवा त्याला काही दिलं. ते फुकट करायचा तुमचा इरादा नव्हता. आणि त्या माणसानं त्या कामाचा फायदा घेतला. या तीन गोष्टी सिद्ध झाल्या की त्यानं मोबदला द्यायला हवा, नाहीतर दिलेली वस्तू परत करायला हवी.

सुतारकामात पहिल्या दोन गोष्टींवर सहसा वाद होत नाही. सुतार हा धंदा आहे आणि कुणी परक्याच्या घरात फुकट कपाट करत नाही, हे कोर्टालाही पटतं. भांडण होतं तिसऱ्या गोष्टीवर, म्हणजे मालकानं खरंच फायदा घेतला का यावर. इथं सर्वोच्च न्यायालयाचा पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल (१९६२) हा निकाल पाया मानला जातो. बहुमताचा निकाल लिहिला होता न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, आपल्या शेजारच्या साताऱ्यात जन्मलेल्या. सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून एका ठेकेदारानं बांधकाम केलं होतं, पण कायद्याला हवा तसा रीतसर करारच झालेला नव्हता. सरकारनं बांधकाम वापरलं आणि पैसे द्यायच्या वेळी कराराचा मुद्दा पुढे केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: काम नको होतं तर नाकारायची, काढून न्यायला सांगायची मोकळीक तुम्हाला होती. तुम्ही ते ठेवून घेतलंत आणि वापरलंत, तर मोबदला द्या.

"नाकारायची मोकळीक होती, तरी ठेवून घेतलं" हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढची सगळी कागदपत्रं तो दाखवण्यासाठीच जमवायची आहेत.

इथं एक मर्यादाही सांगायला हवी. भाव पक्का ठरलेला असेल, तर नंतर "मला परवडत नाही, बाजारभाव वाढला" म्हणून या मार्गानं जास्त पैसे मागता येत नाहीत. अलोपी प्रसाद खटल्यात (१९६०) सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे. ठरलेला करार चालू असेल तर त्याच्याच अटी लागू होतात. म्हणून आधी आपले मेसेज उघडून नीट वाचा. कुठं तरी "फुटाला अमुक घेतो" असं तुम्ही लिहिलंय आणि मालकानं "चालेल" म्हटलंय, तर भाव ठरलेला आहे. मग झालेल्या कामाचे पैसे त्याच दरानं मागायचे. तुम्ही दर कळवला होता पण समोरून उत्तरच आलं नाही, तर तो ठरलेला भाव नव्हे. पण तुमच्याच तोंडून निघालेला तो आकडा असल्यानं, त्याच्या वर मागणी नेणं सहसा कठीण जातं.

काम थांबलं त्या दिवशी काय करायचं

एक उदाहरण धरून चालू. रुईकर कॉलनीत एका फ्लॅटचं फर्निचर. दोन कपाटं आणि स्वयंपाकघरातले खालचे कप्पे. प्लाय आणि सनमायका मालकानं आणून दिला. स्क्रू, बिजागऱ्या, फेव्हिकॉल मिस्त्रीनं आणलं. उचल ₹ १५,०००. दर ठरला नाही. पहिलं कपाट पूर्ण झालं, दुसऱ्याचा नुसता सांगाडा उभा राहिला, स्वयंपाकघराच्या फळ्या कापून ठेवल्या आणि मालकानं काम थांबवलं.

त्या दिवशी संताप येतोच. पण साईट सोडण्याआधी दोन गोष्टी करायच्या, आणि त्या त्याच दिवशी करायच्या. दुसऱ्या दिवशी दुसरा मिस्त्री आला आणि त्यानं तुमच्या सांगाड्यावर दारं बसवून सनमायका चिकटवला, की तुमचं काम कुठं संपलं आणि त्याचं कुठं सुरू झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे माप. टेप लावून प्रत्येक वस्तूची रुंदी आणि उंची घ्या. टेप फोटोत दिसेल असा फोटो काढा. मग पूर्ण वस्तूचा, खोलीतल्या ओळखू येणाऱ्या खिडकीसह किंवा दरवाजासह एक फोटो. सांगाड्याचे आतून फोटो काढा, म्हणजे कप्पे आणि पाठीची फळी दिसेल. कापलेल्या फळ्या एकावर एक रचून त्यांची मोजदाद दिसेल असा फोटो. न वापरलेला मालकाचा प्लाय किती उरला त्याचाही फोटो हवा, नाहीतर उद्या "माझा माल नेला" असं ऐकायची वेळ येईल. आपली हत्यारं नेताना हेल्परला शेजारी उभं करा आणि काय नेलं ते वहीत लिहा.

दुसरी गोष्ट म्हणजे मालकाला एक साधा मेसेज. त्यात राग नको, पैशाचा आकडाही नको. फक्त घडलं ते. असा:

"साहेब, आज तुमच्या सांगण्यावरून काम थांबवलं. बेडरूमचं कपाट ७ बाय ७ पूर्ण आहे. दुसऱ्या खोलीतल्या कपाटाचा ६ बाय ७ सांगाडा झालाय, दारं आणि सनमायका बाकी आहे. किचनच्या फळ्या कापून ठेवल्यात, बसवल्या नाहीत. फोटो पाठवतोय. यातलं काही ठेवायचं नसेल तर सांगा, मी काढून नेतो. हिशेब करून पाठवतो."

"ठेवायचं नसेल तर सांगा" हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. मालकाला नाकारायची संधी दिल्याचा तो पुरावा. त्यावर मालक "असू दे" म्हणाला, किंवा काहीच न बोलता त्यानं कपाटात कपडे लावले, तर कलम ७० मधली तिसरी अट जवळजवळ तुमच्या हातात आली. अर्थात बसवलेलं कपाट त्याच्या संमतीशिवाय उचकटून आणू नका. मालकाच्या प्लायचं ते कपाट, आणि हिशेबाचा वाद तिथून पोलीस ठाण्यात जायला वेळ लागत नाही.

याला एक वेगळी स्थिती आहे. वस्तू तुमच्या कारखान्यात असेल, म्हणजे मालकानं खुर्च्या दुरुस्तीला आणून दिल्या आणि तुम्ही ते काम पूर्ण केलं, तर करार कायद्याच्या कलम १७० खाली मजुरी मिळेपर्यंत त्या खुर्च्या अडवून ठेवता येतात. हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्यांनाही हे कलम उपयोगी पडतं. पण मालकाच्या घरात बसवलेल्या फर्निचरला ते लागू होत नाही.

दर कुठून आणायचा

माप झालं, आता दर. वाजवी म्हणजे किती, याचं उत्तर कायद्यात आकड्यानं दिलेलं नाही. तुमच्या इलाख्यात, त्या काळात, तसल्या दर्जाच्या कामाला लोक किती देत होते, हे दाखवायचं असतं. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे त्याच मालकाचं किंवा त्याच्या भावाचं काम तुम्ही आधी केलं असेल तर त्याची पावती. त्याच्या खालोखाल त्याच वर्षात तुम्ही दुसरीकडे केलेली कामं: दोन-तीन गिऱ्हाइकांच्या पावत्या, यूपीआयनं आलेली रक्कम आणि त्या कामाचं माप. दुसऱ्या दोन मिस्त्रींकडून लेखी दर घेता येतो, पण ते तुमचे नातेवाईक असतील तर वजन पडत नाही. रक्कम मोठी असेल तर इंटिरिअर डिझायनर किंवा मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा. त्याचा खर्च असतो, म्हणून छोट्या हिशेबाला ते परवडत नाही.

आपल्या उदाहरणात मजुरीचा दर समोरच्या भागाच्या चौरस फुटाला ₹ ३५० निघाला असं समजू. हा आकडा फक्त हिशेब दाखवण्यासाठी आहे. तुमचा दर तुमच्या पावत्यांतून काढा.

पहिलं कपाट ७ गुणिले ७, म्हणजे ४९ चौरस फूट. ३५० नं ₹ १७,१५० झाले. दुसरं ६ गुणिले ७, म्हणजे ४२ चौरस फूट. पूर्ण झालं असतं तर ₹ १४,७००, पण फक्त सांगाडा झालाय. सांगाडा म्हणजे सबंध कामाचा किती हिस्सा, हा खरा अवघड प्रश्न आहे आणि इथंच जास्त मागणी करायचा मोह होतो. प्लाय कापणं, जोडणं, पाठ लावणं झालं. दारं, सनमायका, कडेची पट्टी, बिजागऱ्या आणि शेवटची जुळवणी राहिली. तुमच्याच पूर्ण झालेल्या कपाटाला सांगाड्यापर्यंत किती दिवस लागले आणि पुढे किती, हे हजेरीच्या वहीत बघा. समजा दहा दिवसांपैकी सहा दिवस सांगाड्याला गेले. मग ६० टक्के धरा, म्हणजे ₹ ८,८२०. आकडा वहीतून निघाला की समोरच्या वकिलाला तो हलवणं जड जातं.

स्वयंपाकघराच्या फळ्यांना चौरस फुटाचा दर लावू नका, कारण तिथं अजून कप्पा असा उभाच राहिलेला नाही. तिथं दिवस मोजा. मिस्त्री ₹ १,१०० आणि हेल्पर ₹ ७००, तीन दिवस, ₹ ५,४००. मात्र इथं आधीचा मुद्दा पुन्हा येतो: नव्या मिस्त्रीनं त्याच फळ्या वापरल्या तर मालकानं फायदा घेतला. त्यानं त्या नाकारून तुम्हाला न्यायला सांगितल्या तर कलम ७० खाली ही ओळ कच्ची पडते. मग कराराच्या भंगाची भरपाई म्हणून ती मागावी लागते. हा मार्ग वेगळा असतो. त्याकडे पुढे येतोच.

स्क्रू, बिजागऱ्या, फेव्हिकॉल यांची टिंबर मार्केटातली बिलं ₹ ६,३००. ती बिलं जपून ठेवली असतील तर ही रक्कम सरळ मिळते, नसतील तर तिला कात्री लागते.

आता वजाबाकी. पहिल्या कपाटाचं एक दार नीट बसत नाही अशी मालकाची तक्रार आहे आणि ती खरी आहे. दार दुरुस्त करायला ₹ १,२०० लागतील. ते तुम्ही स्वतःच हिशेबातून वजा करा. यानं नुकसान होत नाही. उलट बाकीचा हिशेब प्रामाणिक आहे असं वाचणाऱ्याला दिसतं आणि "काम खराब होतं, काहीच देणार नाही" या बचावातली हवा निघते.

१७,१५० अधिक ८,८२० अधिक ५,४०० अधिक ६,३००, एकूण ₹ ३७,६७०. दाराचे १,२०० वजा, ₹ ३६,४७०. उचल १५,००० वजा. येणं बाकी ₹ २१,४७०.

या हिशेबात काय नाही तेही बघा. उरलेलं स्वयंपाकघर झालं असतं तर सुटला असता तो नफा यात धरलेला नाही. झालेल्या कामाचं मोल आणि हुकलेल्या कामाचं नुकसान या दोन वेगळ्या मागण्या आहेत. दुसरी कलम ७३ खाली येते आणि तिच्यासाठी करार होता, तो मालकानं मोडला, हे सिद्ध करावं लागतं. भाव, मुदत, कामाची यादी काहीच ठरलेलं नसताना ते अवघड जातं.

कोणी थांबवलं, यानं काय फरक पडतो

मालकानं थांबवलं तर वर सांगितलेला रस्ता मोकळा आहे. मिस्त्रीच अर्ध्यावर काम टाकून गेला असेल तर गोष्ट बदलते. १८९८ चा एक इंग्लिश निकाल, सम्प्टर विरुद्ध हेजेस, आजही यावर शिकवला जातो. ५६५ पौंडांचं ठरीव काम बिल्डरनं सुमारे ३३३ पौंडांचं करून सोडलं. मालकानं उरलेलं स्वतः पूर्ण केलं. बिल्डरला अर्ध्या भिंतींचे पैसे मिळाले नाहीत, कारण स्वतःच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या अर्धवट भिंती मालक नाकारणार कशा? त्या "ठेवून घेतल्या" असं म्हणता येत नाही. पण जागेवर पडलेलं सुटं सामान मालकानं वापरलं, त्याचे पैसे मात्र द्यावे लागले. ते वापरायचं की नाही, हे त्याच्या हातात होतं.

आपल्याकडे कलम ७० चा शब्द थोडा उदार आहे, तरी विचार तोच लागू पडतो. भिंतीत ठोकलेल्या अर्धवट कामापेक्षा सुट्या, वापरता येण्याजोग्या वस्तूंवर तुमचा दावा जास्त घट्ट बसतो. म्हणून पैसे थकले म्हणून तुम्हीच काम थांबवणार असाल, तर गुपचूप येणं बंद करू नका. "उचल मिळाली नाही म्हणून अमुक तारखेपासून काम थांबवतोय, पैसे आले की पुन्हा सुरू करतो" असं आधी लेखी कळवा. काम टाकून जाणं आणि पैसे अडल्यामुळे थांबणं यांतला फरक पुढे याच मेसेजवरून ठरतो.

नोटीस

हिशेबाचा कागद आधी मालकाला साधेपणानं द्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नोटीस. ती वकिलामार्फतच हवी असं नाही, पण वकिलानं लिहिलेली बरी. पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा.

नोटिशीत वरचा हिशेब ओळीओळीनं असावा आणि एक गोष्ट नक्की असावी: या तारखेपासून व्याज मागणार, हे शब्द. व्याजाचा दर आधी ठरलेला नसेल तर व्याज कायदा, १९७८ प्रमाणे दाव्याआधीचं व्याज मिळवण्यासाठी लेखी मागणीत व्याजाचा उल्लेख लागतो. हा उल्लेख नसल्यानं दाव्यापूर्वीच्या काळाचं व्याज हातचं जातं.

मुदतही मोजून ठेवा. सांगितलेलं काम करून पैशाची तारीख ठरलेली नसेल, तर मुदत कायद्याप्रमाणे काम झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. शेवटचा कामाचा दिवस धरून मोजा. "दिवाळीनंतर देतो" अशी तोंडी आश्वासनं मुदत पुढे ढकलत नाहीत. देणं मान्य असल्याचं मालकानं मुदतीच्या आत सही करून लिहून दिलं, तर मात्र मुदत त्या दिवसापासून नव्यानं सुरू होते.

दावा करायची वेळ आली तर

₹ २१,४७० सारख्या रकमेला लगेच दिवाणी दाव्यात उडी मारण्याआधी कसबा बावडा रस्त्यावरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. त्याला कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याइतकीच ताकद असते आणि त्यावर अपील नसतं. मात्र मालक आला नाही किंवा तयारच झाला नाही, तर लोकअदालत त्याच्यावर निकाल लादू शकत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कारखान्यातले कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना याच कार्यालयातून मोफत वकीलही मिळतो.

दावा केलाच तर वकिलाशी तीन गोष्टी बोलून घ्या. झटपट निकालासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३७ चा संक्षिप्त दावा आहे, पण तो ठरलेल्या रकमेसाठी असतो. इथं रक्कमच कोर्टानं ठरवायची असल्यानं तो रस्ता बंद आहे. दुसरं, दाव्यात दोन्ही मागण्या लिहायच्या: करार होता असं धरून पैसे, आणि करार नव्हता असं ठरलं तर पर्यायानं कलम ७० खाली मोबदला. फक्त कराराचा दावा केला आणि तो सिद्ध झाला नाही, तर ऐन वेळी कलम ७० कडे वळणं अवघड होतं. तिसरं, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि फोटो छापून दिले म्हणजे झालं असं नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून तो फोन विकू नका आणि चॅट पुसू नका.

काम अजून तसंच उभं असेल तर कोर्ट कमिशनर नेमून पाहणी आणि मापं घेण्याचा अर्ज करता येतो. पण दुसऱ्या मिस्त्रीनं सगळं झाकून टाकलं असेल तर कमिशनरला काही दिसणार नाही. मग त्या पहिल्या दिवशीच्या टेपसह काढलेल्या फोटोंवरच सगळं येतं.

पैसे घेताना सही कशावर करायची

बरीचशी प्रकरणं कोर्टापर्यंत जात नाहीत. नोटीस गेली की मालकाचा फोन येतो, "या, बसून मिटवू." मिटवायला हरकत नाही. तो ₹ १४,००० पुढे करतो आणि कागद सरकवतो: "फर्निचर कामाचा सर्व हिशेब पूर्ण मिळाला, कोणतीही मागणी राहिली नाही." तुम्हाला १४ हजारांत खरंच मिटवायचं असेल तर सही करा. पण नंतर उरलेल्या ७,४७० चं नाव काढता येणार नाही, कारण कमी रकमेवर समाधान मानायचा तुम्हाला हक्क आहे आणि एकदा मानलं की ते बांधून ठेवतं. उरलेले सोडायचे नसतील तर पैसे घ्या, त्या कागदावर सही करू नका. स्वतःची पावती लिहा: "एकूण येणे ₹ २१,४७० पैकी आज ₹ १४,००० हिशेबापोटी मिळाले, बाकी ₹ ७,४७०." खाली तारीख टाका, मालकाचीही सही घ्या आणि त्या पावतीचा फोटो तिथंच काढा.